दिवसाला ६,६०० जोडण्या: बँक वायरिंग कक्षातील गट, त्याचे नियम आणि उत्पादन

नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात शिकागोलगतच्या सिसेरो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात चौदा पुरुष कामगारांना त्यांच्या मूळ विभागातून उचलून एका स्वतंत्र खोलीत बसवण्यात आले. काम तेच होते आणि वेतनाची पद्धतही तीच होती. फरक इतकाच होता की एक निरीक्षक खोलीत बसून कोण कोणाशी बोलतो, कोण कोणाला मदत करतो आणि दिवसभरात किती काम होते हे टिपून ठेवत होता, आणि दुसरा संशोधक खोलीबाहेर त्याच कामगारांच्या मुलाखती घेत होता. प्रकाश, विश्रांती किंवा कामाचे तास यांत मुद्दाम कोणताही बदल करायचा नव्हता. माणसे नेहमीसारखी काम करताना पाहायची, एवढाच हेतू होता. संघटनात्मक वर्तनाच्या अभ्यासक्रमात हॉथॉर्नचे नाव निघाले की प्रकाशयोजनेचा प्रयोग आणि टेलिफोनच्या रिले या भागाच्या जुळवणीची खोली यांवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि ही तिसरी खोली दोन ओळींत आटोपली जाते. अनौपचारिक गट उत्पादनाला नेमका कोठे हात देतो आणि कोठे खीळ घालतो हे समजून घ्यायचे असेल, तर माझ्या मते याच खोलीवर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा.

कामाची रचना

टेलिफोन एक्स्चेंजमधील स्विचसाठी लागणाऱ्या ‘बँका’ येथे तयार होत. बँक म्हणजे शंभर किंवा दोनशे टर्मिनल असलेला छोटा तुकडा. अशा दहा-अकरा बँका एका ओळीत ठेवून, त्यांच्या दोन किंवा तीन पातळ्या एकावर एक रचून एक संच पुरा होत असे. नऊ वायरमन टर्मिनलांना तारा जोडत, तीन सोल्डरमन त्या जोडण्यांवर डाख देत आणि दोन तपासनीस काम तपासून पास करत. एका सोल्डरमनकडे तीन वायरमन, म्हणजे वायरमन क्रमांक १ ते ३ यांची पहिली तुकडी, ४ ते ६ यांची दुसरी आणि ७ ते ९ यांची तिसरी. तपासनीस दोनच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दीड तुकडी येत असे. वायरमन एका संचाची एक पातळी जोडून दुसऱ्या संचाकडे वळे आणि तेवढ्या वेळात सोल्डरमन पहिल्यावर डाख देई. खोलीच्या पुढच्या भागात बसणारे ‘कनेक्टर’ नावाचे संच करत आणि मागच्या तुकडीतील तिघे ‘सिलेक्टर’ नावाचे संच करत. कौशल्य दोन्हींना सारखेच लागे. तरीही विभागात नव्याने आलेल्या माणसाला आधी सिलेक्टरवर बसवून मग कनेक्टरवर आणण्याची प्रथा असल्याने पुढच्यांचे काम वरच्या दर्जाचे मानले जाई.

वेतनाची पद्धत नीट समजली नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. विभागात पुऱ्या झालेल्या प्रत्येक संचामागे एक ठरलेली रक्कम विभागाच्या खात्यात जमा होई. आठवड्याअखेर ही एकत्र रक्कम सर्वांत वाटली जाई आणि प्रत्येकाचा वाटा त्याचा तासाचा दर आणि त्याने भरलेले तास यांवर ठरे. कामगाराचा दोष नसताना काम थांबले, उदाहरणार्थ माल आला नाही किंवा तो सदोष निघाला, तर त्या वेळेची वेगळी सूट मागता येई. व्यवस्थापनाचा हिशेब सरळ होता. सर्वांनी जास्त काम केले की सर्वांना जास्त पैसे मिळतील, जो मागे पडेल त्याला बाकीचे पुढे रेटतील, आणि ज्याचे वैयक्तिक काम सरस ठरेल त्याचा तासाचा दर वाढेल.

कंपनीने ठरवलेले उद्दिष्ट तासाला ९१४ जोडण्या, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला ७,३१२ जोडण्या असे होते. खोलीतील माणसांच्या मनातला आकडा मात्र निराळा होता. दिवसात दोन संच पुरे करणे म्हणजे इमानदारीचे दिवसभराचे काम, असे ते मानत, आणि दोन कनेक्टर संच म्हणजे ६,६०० जोडण्या, तर दोन सिलेक्टर संच म्हणजे ६,००० जोडण्या होत. ६,६०० हा आकडा कोणत्याही फलकावर लिहिलेला नव्हता आणि कोणी बैठक घेऊन तो ठरवलेलाही नव्हता. तरी नवख्या माणसालाही तो लवकर कळत असे.

नियम कसे टिकवले जात

या नियमांना चार बाजू होत्या. फार काम करू नये, कारण असा माणूस दर पाडायला कारण होतो. फार कमीही करू नये, कारण असा माणूस इतरांच्या कमाईवर जगतो. सहकाऱ्याला त्रास होईल असे काहीही वरिष्ठांच्या कानावर घालू नये. आणि हुद्दा असला तरी तो मिरवू नये. हा शेवटचा नियम खास करून तपासनिसांना उद्देशून होता.

परीक्षेतील उत्तरांमध्ये यांपैकी पहिलाच नियम येतो, आणि त्यावरून गट म्हणजे उत्पादनाला लावलेली खीळ असा निष्कर्ष काढला जातो. दुसरा नियम वगळला की प्रकरणाचा अर्थच बदलतो. या गटाने उत्पादनावर छत घातले होते तशी तळाला जमीनही घातली होती, आणि ही जमीन व्यवस्थापनाच्या फायद्याची होती. ज्या विभागात एकही फोरमन दिवसभर पाठीशी उभा राहत नाही, तेथे माणसे रोज सहा हजारांच्या आसपास जोडण्या का करत राहतात याचे उत्तर बऱ्याच अंशी याच नियमात आहे.

नियम मोडणाऱ्याची शिक्षा अगदी साधी होती. जोरात काम करणाऱ्याच्या दंडावर शेजारी एक ठोसा मारत असे. त्या खोलीत या प्रकाराला ‘बिंगिंग’ म्हणत. ठोसा खाणाऱ्यालाही एक ठोसा परत मारण्याची मुभा असे आणि मग विषय तेथेच मिटे. दिसायला तो खेळच होता, आणि ठोसा कितपत जोरात बसतो याची पैजही लागे. पण एखाद्याचा हात सपाट्याने चालला असताना शेजाऱ्याने हसत-हसत त्याच्या दंडावर ठोसा दिला की निरोप पोचत असे. त्याबरोबर टोपणनावे होतीच. जास्त काम करणाऱ्याला ‘स्पीड किंग’ आणि ‘स्लेव्ह’ म्हणजे गुलाम अशी नावे पडली होती. पैशाचा दंड, तक्रार किंवा लेखी ताकीद यांची कधी गरज पडली नाही. दिवसाचे आठ तास ज्यांच्या शेजारी काढायचे त्यांनी आपल्याला आपले मानावे, एवढीच या शिक्षेमागची ताकद होती. एकसंधता या शब्दाचा व्यवहारातील अर्थ हाच आहे: माणसाला त्या गटात राहावेसे वाटते, म्हणून गटाच्या नापसंतीची त्याला किंमत मोजावी लागते. ज्याला गटात राहण्याची आच नाही त्याला ही शिक्षा लागूच होत नाही.

वायरमन क्रमांक २ चे उदाहरण येथे फार बोलके आहे. तो इतरांच्या खेळांत भाग घेई, पण गप्पांत फारसा नसे आणि कोणाच्या फार जवळचाही नव्हता. खोलीतील सर्वाधिक उत्पादन त्याचेच होते. त्याला चिडवत नसत असे नाही, पण चिडवण्याचा परिणाम होण्यासाठी त्याला गटाची गरज वाटायला हवी होती, आणि ती वाटत नव्हती. वायरमन क्रमांक ६ ची गोष्ट वेगळी होती. त्याचाही हात जलद होता, त्याला खोलीच्या मागच्या भागातील कामगारांच्या टोळक्यात स्थान हवे होते, तो त्यांच्यात वावरतही असे, पण वेगामुळे आणि पुढारपण करू पाहण्याच्या स्वभावामुळे तो कायम थट्टेचा विषय राहिला आणि पुरता आत कधीच घेतला गेला नाही.

एक खोली, दोन टोळकी

निरीक्षकाने खेळ, भांडणे, कामाची अदलाबदल, मदत, मैत्री आणि वैर या सर्वांची नोंद ठेवली आणि मग कोण कोणाबरोबर आहे याचे चित्र काढले, तेव्हा चौदा जणांचा एक गट दिसला नाही. पुढच्या बाजूला वायरमन १, ३, ४, त्यांचा सोल्डरमन आणि एक तपासनीस यांचे एक टोळके होते आणि मागच्या बाजूला वायरमन ७, ८, ९ आणि त्यांचा सोल्डरमन यांचे दुसरे. दुसरा तपासनीस, वायरमन ५, मधल्या तुकडीचा सोल्डरमन आणि वर सांगितलेला वायरमन २ हे कोणत्याच टोळक्यात पूर्णपणे नव्हते. कामाची मांडणी आणि ही टोळकी बऱ्याच अंशी जुळतात, पण तंतोतंत जुळत नाहीत. शेजारी बसल्याने माणसे जवळ येतात, पण कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे नियमांच्या पालनावरून ठरत असे. वायरमन ५ बाहेर राहिला, कारण त्याने सहकाऱ्यांच्या गोष्टी फोरमनला सांगितल्या होत्या. दुसरा तपासनीस बाहेर राहिला, कारण तो तपासणी फार कडकपणे करी आणि आपण वरचे आहोत असे वागे. त्याला इतका त्रास झाला की त्याने कामगारांविरुद्ध तक्रार केली आणि अखेर त्याला खोलीतून हलवावे लागले. औपचारिक अधिकार त्याच्याकडे होता आणि खोलीत राहण्याचा हक्क मात्र गटाने काढून घेतला.

पुढचे टोळके स्वतःला वरचढ मानी. आमच्या गप्पा शहाण्या माणसांच्या असतात, आम्ही उगाच धिंगाणा करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मागचे टोळके अधिक हूड होते. उत्पादनाच्या बाबतीतही हा भेद दिसे. पुढच्यांचे काम ६,६०० च्या जवळपास राही आणि मागच्या तिघांचे त्यांच्या मानाने बरेच खाली, त्यामुळे पुढच्यांच्या नजरेत मागचे ‘इतरांच्या जिवावर जगणारे’ ठरत. या कमी कामाचा एक अर्थ असा लावला गेला आहे की आपल्याला खालचे समजणाऱ्यांना चिडवण्याचा तो मागच्यांचा मार्ग होता. तो बरोबर असेल तर येथे आतील एकी आणि बाहेरच्यांशी वैर ही दोन्ही मिळून उत्पादन खाली ओढत होती. विभागाच्या एकूण सरासरीत हे कधीच दिसले नसते. म्हणून अशा प्रकरणात ‘गट’ म्हणजे नेमके कोण हे आधी ठरवावे, आणि ते हजेरीपटावरून न ठरवता कोण कोणाला मदत करतो आणि कोण कोणाशी भांडतो यावरून ठरवावे.

कौशल्याचा प्रश्न

ज्याचे उत्पादन कमी तो कमी हुशार किंवा कमी चपळ असेल, असा पहिला तर्क कोणाच्याही मनात येतो. संशोधकांच्याही आला आणि त्यांनी कामगारांच्या बुद्धिमत्तेच्या आणि हस्तकौशल्याच्या चाचण्या घेतल्या. उत्पादनात सर्वांत शेवटी असलेला वायरमन बुद्धिमत्तेत पहिला आणि हस्तकौशल्यात तिसरा आला. उत्पादनात पहिला असलेला वायरमन हस्तकौशल्यात सातवा आणि बुद्धिमत्तेत शेवटचा ठरला. क्षमता आणि उत्पादन यांचा संबंध जेथे असा तुटलेला दिसतो, तेथे मधे एखादा सामाजिक नियम काम करत असण्याची शक्यता मोठी असते. हा पुरावा मला या प्रकरणातील सर्वांत मजबूत वाटतो, कारण मुलाखतीत माणूस काहीही सांगू शकतो, पण हे आकडे कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नाहीत.

आणखी दोन खुणा सोबतच पाहाव्यात. बहुतेक जण सकाळच्या सत्रात अधिक काम उरकून दुपारनंतर हात सैल सोडत, म्हणजे थकव्यापेक्षा ‘आजचे झाले’ ही भावना वेग ठरवत होती. आणि वायरमन स्वतः सांगत तो रोजचा आकडा आणि निरीक्षकाने प्रत्यक्ष मोजलेला आकडा यांत फरक असे. चांगल्या दिवशीचे थोडे काम न सांगता मागे ठेवायचे आणि वाईट दिवशी ते जमा दाखवायचे, अशी रीत होती. त्यामुळे कागदावरची रेषा प्रत्यक्षापेक्षा सपाट दिसे. सूट मागितलेल्या वेळेचाही असाच उपयोग होई, कारण जोडण्यांना तासांनी भागताना तास कमी केले की तासाचे काम वाढलेले दिसते. या माणसांवर थेट देखरेख करणाऱ्या तुकडीप्रमुखाला हे सारे ठाऊक होते. पण त्याला रोज याच माणसांकडून काम करून घ्यायचे होते आणि खरे आकडे वर कळवले असते तर त्याची स्वतःचीच अडचण झाली असती, म्हणून तो डोळेझाक करी. फोरमन खोलीत आला की मात्र सगळ्यांचे वागणे बदले. अनौपचारिक नियम नेहमी कामगारांपुरते राहत नाहीत, खालच्या पायरीचा पर्यवेक्षक बहुतेक वेळा त्यांत अर्धा सामील असतो. प्रकरण लिहिताना ही गोष्ट सुटली तर व्यवस्थापन विरुद्ध कामगार असे खोटे चित्र उभे राहते.

छत कशामुळे आणि जमीन कशामुळे

आता वेतनाच्या गणिताकडे परत येऊ. सोपेपणासाठी असे धरू की कमाई फक्त नऊ वायरमनांच्या जोडण्यांवर ठरते, प्रत्येक जण ६,६०० जोडण्या करतो आणि सर्वांचा वाटा समान आहे. एकूण जोडण्या ५९,४०० होतात. एकाने दहा टक्के जास्त काम केले, म्हणजे ७,२६० जोडण्या केल्या, तर एकूण आकडा ६०,०६० होतो. ही वाढ सुमारे १.१ टक्के आहे. दहा टक्के घाम गाळणाऱ्याला १.१ टक्के जादा मिळते, आणि शेजारी निवांत बसलेल्यालाही नेमके तेवढेच मिळते. प्रत्यक्षात रक्कम साऱ्या विभागात वाटली जात असल्याने ही वाढ याहूनही कमी असे. उलट एकाने काम दहा टक्के कमी केले तर त्याचे नुकसान १.१ टक्के आणि बाकीच्या आठ जणांचेही तेवढेच. म्हणून तळाच्या नियमाला ठोस आर्थिक आधार होता. जो कमी करतो तो खरोखरच इतरांच्या खिशातून घेतो.

छताचा नियम मात्र या गणितातून निघत नाही. नऊही जणांनी मिळून काम दहा टक्के वाढवले असते तर सर्वांची कमाई दहा टक्के वाढली असती, आणि इतकी एकी असलेल्या गटाला तसे ठरवणे अवघड नव्हते. त्यांनी उलटे ठरवले, कारण त्यांना आजच्या कमाईपेक्षा उद्याच्या दराची काळजी होती. जास्त काम दिसले तर कंपनी प्रति संच रक्कम कमी करेल, उद्दिष्ट वाढवेल किंवा थोड्या माणसांत तेवढेच काम उरकून बाकीच्यांना घरी बसवेल, असे ते मुलाखतींत सांगत. कामाची पद्धत किंवा साहित्य बदलल्याशिवाय दर बदलायचा नाही असे कंपनीचे धोरण होते आणि या माणसांना दरकपातीचा थेट अनुभव नव्हता. त्यामुळे मूळ अभ्यासकांनी ही भीती तर्काच्या पलीकडची मानली आणि गटाला खरे तर बाहेरच्या ढवळाढवळीपासून स्वतःचे संरक्षण करायचे होते असे स्पष्टीकरण दिले.

मला हे स्पष्टीकरण अर्धेच पटते. काळ महामंदीचा होता, कारखान्यातील कामाचे तास कमी होत होते आणि ही पाहणीदेखील मे १९३२ मध्ये कामच उरले नाही म्हणून थांबली. मागणी आटलेली असताना जास्त उत्पादन म्हणजे काम लवकर संपणे, हे समजायला स्वतः दरकपात सोसण्याची गरज नसते. नियमाचे मूळ भावनेत होते असे लिहून टाकणे सोपे आहे, पण त्या परिस्थितीत आणि त्या माहितीवर तो नियम बराचसा समंजस होता.

त्याच कारखान्यातील उलटे उदाहरण

याच कारखान्यात एप्रिल १९२७ पासून रिले जुळवणीच्या खोलीत पाच जुळवणी कामगार आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी एक, अशा सहा स्त्रियांचे निरीक्षण चालू होते. तेथेही एकी दाट होती, तेथेही अलिखित नियम होते, पण त्या खोलीचे उत्पादन काही वर्षांत सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. म्हणजे एकसंधता दोन्हीकडे आणि परिणाम परस्परविरुद्ध. फरक कशात होता हे पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. वेतनाचा समूह मोठ्या विभागाऐवजी या छोट्या तुकडीपुरता केला होता, त्यामुळे जास्त कामाचा पैसा लगेच आणि जवळ दिसत होता. बदल करण्यापूर्वी त्यांच्याशी बोलले जाई, त्यामुळे भीती कमी होती. आणि तिसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा गाळली जाते: जानेवारी १९२८ मध्ये फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून दोन स्त्रियांना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणले गेले, आणि त्यांपैकी एक लवकरच गटाची पुढारी बनून इतरांना वेग वाढवायला लावू लागली. म्हणून ‘आपुलकीने वागवले आणि उत्पादन वाढले’ हे वाक्य जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवू नये. तेथे माणसे निवडली गेली होती आणि पैशाची रचनाही बदलली होती.

पुढील दशकांतील दोन अभ्यासांनी हाच धागा पुढे नेला. शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पुठ्ठ्याचे छोटे पट बनवण्याचे काम दिले आणि सहकाऱ्यांकडून आल्यासारख्या दिसणाऱ्या चिठ्ठ्या त्यांच्या हाती पोचवल्या. काही चिठ्ठ्यांत जोरात करा असे होते, काहींत सावकाश करा असे. सावकाश करण्याचा आग्रह एकसंध गटात स्पष्टपणे जास्त मानला गेला. जोरात करण्याचा आग्रह मात्र एकसंध आणि विस्कळीत अशा दोन्ही गटांत जवळपास सारखाच मानला गेला. याचा अर्थ एकी उत्पादन खाली नेऊ शकते याचा पुरावा येथे भक्कम आहे आणि ती उत्पादन वर नेते याचा तितका नाही. एकसंधता कमी की जास्त आणि नियम उत्पादनाला अनुकूल की प्रतिकूल, असे चार चौकोनांचे कोष्टक पाठ्यपुस्तकांत काढताना दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या दाखवल्या जातात. ते सोयीचे आहे, पण या प्रयोगाला धरून नाही.

दुसरा अभ्यास सीशोर यांचा, १९५४ मधला. यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका कंपनीतील २२८ लहान गटांत त्यांना असे दिसले की एकसंध गटांच्या सदस्यांच्या उत्पादनात आपसातला फरक कमी असतो, पण त्या गटांचे उत्पादन एकूण वरच असेल असे नाही. ते वर की खाली हे बऱ्याच अंशी कंपनी आपल्या पाठीशी आहे असे सदस्यांना वाटते की नाही यावर अवलंबून होते. थोडक्यात, एकसंधता आकडे एकमेकांच्या जवळ आणते आणि ते कोणत्या पातळीवर जवळ येतील हे नियम ठरवतो. एखाद्या विभागाचा अभ्यास करताना म्हणूनच सरासरी आणि पसारा, म्हणजे सदस्यांच्या उत्पादनातील आपसातला फरक, हे दोन आकडे वेगवेगळे काढावेत. पसारा मोठा आणि सरासरी कमी असेल तर प्रश्न प्रशिक्षणाचा, साधनांचा किंवा निवडीचा असण्याची शक्यता जास्त. पसारा लहान आणि सरासरी कमी असेल तर नियम शोधायला लागावे.

व्यवस्थापनाने काय करावे

परीक्षेत अशा प्रकरणावरील प्रश्नाच्या शेवटी हे विचारलेले असतेच, आणि सर्वांत आधी सुचणारे उत्तर असते गट फोडण्याचे. ते उत्पादन वाढवू शकते, याचा एक नेमका दाखला आहे. कॉच आणि फ्रेंच यांनी १९४८ मध्ये कपड्यांच्या एका कारखान्यातील इस्त्री करणाऱ्या एका स्त्रीचे आकडे दिले आहेत. गटाची सवय पन्नास नगांच्या आसपास होती. ती ५६ पर्यंत गेली, तेव्हा इतरांनी तिला छळायला सुरुवात केली आणि ती ४८ वर आली. वीस दिवसांनंतर बाकीच्यांची दुसरीकडे बदली झाली आणि एकटी उरल्यावर तिचे काम थोड्याच दिवसांत ९० च्या वर गेले.

हे आकडे पाहून बँक वायरिंग कक्षही फोडावा असे वाटेल, पण मी तसे सुचवणार नाही. त्या खोलीत कंपनीच्या नियमांत न बसणारी दोन कामे रोज होत होती. एक, वायरमन आणि सोल्डरमन आपापसात काम बदलून घेत. बहुतेक वेळा मागणी वायरमनकडून येई आणि सोल्डरमन ती सहसा नाकारत नसे. त्यामुळे तेच ते काम करण्याचा कंटाळा तुटत असे. दुसरे, मागे पडलेल्याला मोकळा असलेला शेजारी हात देत असे, आणि मैत्री टोळक्यापुरती असली तरी मदत टोळक्याची सीमा ओलांडून जात असे. ज्या एकीने छत घातले तिनेच ही मदत आणि तळाचा नियमही दिला होता. फोडले तर तिन्ही एकदम जातात.

त्यापेक्षा नियमाच्या कारणाला हात घालावा. दर निदान ठरावीक मुदतीपर्यंत बदलणार नाही आणि उत्पादन वाढल्यामुळे कोणाला कमी केले जाणार नाही, अशी लेखी हमी देता येत असेल तर ती आधी द्यावी. देता येत नसेल तर छत उठेल अशी अपेक्षाच ठेवू नये. हमी दिल्यानंतर वेतनाचा समूह एका तुकडीइतका लहान करावा. चार जणांच्या तुकडीतील एका वायरमनने काम दहा टक्के वाढवले तर तिघा वायरमनांच्या एकूण कामात ३.३ टक्के वाढ होते, म्हणजे वरच्या उदाहरणापेक्षा तिप्पट. कनेक्टर आणि सिलेक्टर यांची पाळीपाळीने अदलाबदल करावी, म्हणजे पुढचे-मागचे हा दर्जाचा भेद आणि त्यातून आलेले वैर सैल होईल. आणि तुकडीप्रमुखाला खरे आकडे कळवल्याबद्दल शिक्षा होणार नाही याची सोय करावी. नाहीतर वर जाणारी रेषा सपाटच राहील, आणि छत उठले की नाही हेही व्यवस्थापनाला कळणार नाही.